‘गेले’ म्हणजे कुठे गेले?

तीन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही सात-आठ जण बसलो होतो. आत मोठे बाबा होते, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दार उघडून एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि खालमानेनं म्हणाला, "आम्ही सगळे प्रयत्न केले, पण त्यांनी रिस्पॉन्स दिला नाही."

आम्हा दोघा-तिघांना काय ते कळलं. मोठी आईला कळलं नाही. तिच्या मांडीवर डबा होता, त्यात मुगाची पातळ खिचडी. ती म्हणाली, "मंग आता खायले काय द्याचं त्याइले? सलाईनच राहीन का?"

डॉक्टर गडबडला. "नाही आजी, ते आता नाहीत."

मोठी आईनं दाराकडे पाहिलं. "कुठं नेलं?"

मागून एक वयस्क सिस्टर आल्या. तिच्याशेजारी बसल्या, डबा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "माय, बाबा वारले. दहा मिनिटं झाली." मग मात्र मोठी आई रडली.

डॉक्टर निर्दयी नव्हता. उलट त्याला तिला दुखवायचं नव्हतं, म्हणूनच तो असं बोलला. आणि सिस्टरांचा शब्द कठोर होता असंही नाही. ‘मेले’ त्या म्हणाल्या नाहीत, ‘वारले’ म्हणाल्या. म्हणजे दोघांनीही मऊच शब्द वापरले. फरक मऊपणात नव्हता. ‘वारले’चा रोजच्या बोलण्यात एकच अर्थ निघतो. ‘नाहीत’चे दहा निघतात: खोलीत नाहीत, इथे नाहीत, शुद्धीत नाहीत. ‘गेले’ तसंच. ‘एक्सपायर झाले’ औषधाच्या पाकिटावरही असतं, आणि आपल्याकडे सर्रास म्हणतात ते ‘ऑफ झाले’ अतिदक्षता विभागाबाहेर ऐकलं तर एखाद्याला आधी मशीनच आठवेल.

एरवी हेच ‘गेले’ कुणाला फसवत नाही. शेजारच्या काकूंनी सकाळी सातला दार वाजवून "आमचे सासरे गेले हो रात्री" म्हटलं, की कुणी "कुठे?" विचारत नाही. वेळ, चेहरा, आवाज हे सगळं मिळून अर्थ पक्का करतात. शिवाय ते सासरे महिनाभर अंथरुणाला खिळलेले आहेत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. निधनाच्या कार्डावरचे शब्दही असेच. कुणी कैलासवासी होतं, कुणी पैगंबरवासी, आणि विदर्भातल्या बौद्ध घरांत ‘कालकथित’ लिहितात. तोवर बातमी सगळ्यांना पोचलेली असते. शब्दावर ती पोचवण्याचं ओझं नसतं, फक्त आदर दाखवायचं काम असतं. ‘नारळ वाढवा’, ‘दिवा शांत करा’, निघताना ‘येतो’ हे त्याच जातीचे. नारळ वाढवायचा म्हणजे मोठा करायचा असं समजून कुणी पूजा अडवून धरलेली नाही.

पण अर्थ तोच असेल तर मऊ शब्दानं फरक का पडावा? यावर ब्रिस्टल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक साधा, छान प्रयोग प्रसिद्ध केला. आपण अस्वस्थ झालो की तळहाताला अगदी सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज थोडी सहज वाहते. बोटांना तारा लावून हे मोजता येतं. लोकांना पडद्यावरचे शब्द मोठ्यानं वाचायला दिले: काही शिव्या, काही त्याच शिव्यांची सभ्य रूपं आणि काही साधे शब्द. सभ्य रूप वाचताना त्या माणसाला मूळ शिवी कोणती हे पुरतं माहीत होतं. तरीही शिवी उच्चारताना त्वचेचा प्रतिसाद सभ्य रूपापेक्षा जास्त आला.

संशोधकांनी लावलेला अर्थ असा: भावना नुसत्या अर्थाला चिकटलेली नसते, ती शब्दाच्या ध्वनीलाही चिकटते. लहानपणी तो शब्द तोंडातून निघाला की पाठीत धपाटा बसलेला असतो, चेहरे बदललेले असतात. ध्वनी आणि धक्का यांची अशी गाठ पडते. ध्वनी बदलला की अर्थ पोचतो, पण जुना धक्का पुरता पोचत नाही. मऊ शब्दाचा उपयोग खरा आहे तो एवढाच. तो वेदना बदलत नाही, तिच्यावर शब्दाचा जो जास्तीचा ओरखडा येतो तेवढा वाचवतो.

यातूनच मऊ शब्द फार काळ मऊ का राहत नाहीत हेही समजतं. वर्षानुवर्षं त्याच गोष्टीसाठी वापरला की नव्या ध्वनीलाही तीच भावना चिकटते, मग आणखी नवा शब्द शोधावा लागतो. भाषाभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी या फिरत्या पट्ट्याला नाव दिलं, पण नागपूरकराला त्यासाठी त्यांच्याकडे जायची गरज नाही. छिंदवाडा रोडवरच्या संस्थेच्या पाटीवर ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ आहे. ऑटोवाला मात्र तुम्हाला ‘पागलखाना चौका’तच उतरवतो. आता तर भांडणात "जा, मनोरुग्णालयात भरती हो" असंही ऐकू येतं. पाटी बदलली, तिरस्कार नव्या पाटीवर येऊन बसला.

परत त्या कॉरिडॉरकडे. वाईट बातमी कशी सांगावी हे वैद्यकात शिकवतात. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली कर्करोगाच्या रुग्णांशी बोलण्यासाठी सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली, ती जगभर वापरली जाते. सहाही पायऱ्या इथे सांगत बसत नाही. त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते मऊपणाचं स्थान. आधी बसायचं, उभ्या-उभ्या बोलायचं नाही. मग विचारायचं, "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" हा प्रश्न विचारला असता तर डॉक्टरला लगेच दिसलं असतं, की मोठी आई अजून खिचडीच्या विचारात आहे. मग एक इशारा द्यायचा: "बातमी चांगली नाही, मन घट्ट करा." हे वाक्य मऊ आहे आणि तिथे ते मऊच हवं, कारण ते ऐकणाऱ्याला सावरायला दोन क्षण देतं. त्यानंतरचं वाक्य मात्र छोटं आणि एकच अर्थ असलेलं. ‘मृत्यू झाला’, ‘वारले’, यांपैकी काहीही. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांना तर हा शब्द टाळायचाच नाही असं बजावून शिकवतात. आणि तो उच्चारला की गप्प बसायचं. आपल्याला ती शांतता सहन होत नाही, म्हणून आपण लगेच "शेवटी सुटले बिचारे" वगैरे सुरू करतो.

सिस्टरांनी यातलं बरंचसं न सांगता केलं. शेजारी बसल्या, डबा बाजूला ठेवला. तो डबा बाजूला ठेवणं हाच इशारा होता, असं मला आता वाटतं. ‘दहा मिनिटं झाली’ हेही उगाच नव्हतं. ज्या गोष्टीला वेळ सांगता येते ती घडून गेलेली असते. तिथे आशेला जागा उरत नाही.

याहून अवघड जागा म्हणजे मेंदूमृत्यू. डोक्याला जबर मार लागलेला तरुण, छाती व्हेंटिलेटरनं वरखाली होतेय, हात गरम, मॉनिटरवर हृदयाची रेघ चालू. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ मेंदूमृत्यू ठरवतं. मेंदूच्या खोडाच्या सगळ्या चाचण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. त्यातली कळीची चाचणी श्वासाची. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं वेगळा करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मेंदूचं खोड जिवंत असेल तर ते श्वास घ्यायला भाग पाडतंच. छाती हललीच नाही, दुसऱ्यांदाही हलली नाही, की तो मृत्यू. तो कोमा नव्हे. कोमातला माणूस परत येऊ शकतो, हा येऊ शकत नाही.

आता अशा वेळी कुणी घरच्यांना म्हणालं, "आम्ही त्याला मशीनवर जिवंत ठेवलंय" किंवा "व्हेंटिलेटर काढला की तो जाईल", तर काय होईल? पहिलं वाक्य दिलासा देतं आणि ते खोटं आहे. दुसऱ्यामुळे आई-बापाला वाटतं की व्हेंटिलेटर काढायला हो म्हणणं म्हणजे आपणच पोराला मारणं. ते ओझं आयुष्यभर उतरत नाही. इथे सरळ वाक्य म्हणजे "त्याचा मृत्यू झाला आहे. मशीन फक्त हवा आत-बाहेर करतंय." ऐकायला कठोर वाटतं, पण निर्णयाचा दोष त्यांच्या माथी मारत नाही.

मुलांच्या बाबतीत तर आपण सगळेच त्या तरुण डॉक्टरसारखे वागतो. मृत्यू समजायला मुलाला तीन गोष्टी कळाव्या लागतात. मेलेलं परत येत नाही. शरीराची सगळी कामं थांबतात, दिसणं, दुखणं, भूक सगळंच. आणि हे प्रत्येकाला येतं. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट यांनी १९८४ साली तोवरचा अभ्यास तपासला तेव्हा बहुतेक मुलांना हे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतं असं दिसलं. त्याआधी मूल शब्द जसाच्या तसा घेतं. ‘आजी झोपली’ ऐकलेलं पोर रात्री झोपायला घाबरू शकतं. ‘आजारी होते म्हणून गेले’ ऐकलेल्याला आईची सर्दीही भिववू शकते.

माझ्या चुलतबहिणीची गंमत यापेक्षा निराळी. घरात आई महिन्यातून चार दिवस बाजूला बसली की तिला सांगत, "आईला कावळा शिवला." मग पणजीच्या दहाव्याला नदीवर सगळे पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघू लागले, तेव्हा ही आठ वर्षांची मुलगी आईला घट्ट धरून उभी. दोन्ही ठिकाणचा कावळा मोठ्यांना बरोबर कळत होता.

मोठे बाबा वारले तेव्हा त्यांचा नातू पाच वर्षांचा होता. त्याला ‘आजोबा देवाघरी गेले’ असंच सांगितलं होतं आणि तो खूश होता. तेरवीच्या दिवशी टेबलावर फोटो मांडला, हार घातला. हा तिथे बराच वेळ उभा राहिला, मग मोठी आईच्या खोलीत गेला आणि चष्म्याची डबी घेऊन आला.

"आजोबा चष्मा विसरले. तिथं पेपर कसा वाचतील?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी "देव देईन ना नवा" म्हणून वेळ मारून नेणार, एवढ्यात त्याच्या आईनं त्याला मांडीवर घेतलं. म्हणाली, "बाळा, आजोबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. डोळ्यांचं काम थांबलं, पोटाचं पण. त्यांना आता चष्मा लागत नाही, भूक पण लागत नाही."

"परत नाही येणार?"

"नाही."

त्यानं थोडा वेळ डबी उघडझाप केली. मग विचारलं, "त्यांना दुखत पण नाही?"

"नाही."

"मग चष्मा मी ठेवू?"