बटन दाबलं की उडी, ही सवय आली कुठून

आमच्याकडच्या पोट्ट्यांनी गेम पहिल्यांदा पाहिला तो यात्रेत नाहीतर आठवडी बाजारात. दोन सेलवरचा तो ब्रिक गेम, डब्यावर 9999 गेम लिहिलेलं आणि आत मोजून थोडेच, बाकी सगळा स्पीड बदलून तोच माल. मग कोणाच्या तरी घरी कॅसेटवाला टीव्ही गेम यायचा आणि लोडशेडिंग होईपर्यंत मारिओ चालायचा.

त्या कॅसेटवाल्या डब्यात जपानच्या 1983 च्या फॅमिकॉमची नक्कल असायची. डबा साधाच, पण बटन आणि पडदा यांच्यामधी काहीच अडवणारं नव्हतं: गेम साधारण दर फ्रेमला, म्हणजे टीव्हीप्रमाणे सेकंदाला 50 किंवा 60 वेळा, बटन वाचायचा आणि जुना काचेचा टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवायचा. बटन दाबलं की लगेच गेम ऐकतो, ज्याला आता आपण टाइट कंट्रोल म्हणतो, ते अर्धं इथून आलं.

उरलेलं अर्धं मारिओतून (1985). बटन धरून ठेवलं तर उंच उडी, लगेच सोडलं तर छोटी, आणि हवेतही थोडं वळता यायचं. त्याच काळातल्या कॅसलव्हेनियात (1986) उडी मारली की मारली, हवेत दिशा बदलत नाही, म्हणून तो आजही पोट्ट्यांना जड जातो.

नवीन पिक्सेलवाल्या इंडी गेमांनी याच्यावर एक शहाणपण चढवलं. सेलेस्टचंच घ्या. 2015 मधी दोघांनी चार दिवसांत तो पिको-8 नावाच्या, कॉम्प्युटरवरच चालणाऱ्या छोट्या बनावट कन्सोलवर बनवला, जिथं पडदाच 128 बाय 128 पिक्सेलचा आणि रंग फक्त 16, मग 2018 ला मोठा गेम आला. त्यात काठावरून पाय सुटल्यावरही 0.1 सेकंद, म्हणजे 6 फ्रेम, उडी मारता येते. जमिनीला टेकायच्या जरा आधी बटन दाबलं तरी गेम ते 0.08 सेकंद लक्षात ठेवतो आणि टेकल्या टेकल्या उडी देतो. वर जाताना डोकं कोपऱ्याला घासलं तर 4 पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून घेतो. खेळणाऱ्याला हे काहीच दिसत नाही, त्याला वाटतं आपलाच हात बसला (माझंही तेच झालं होतं). मला ही चलाखी आवडते, कारण जुन्या मशीनवर काठावर एक फ्रेम चुकली की सरळ खड्ड्यात.

पण एवढं करूनही गेम ढिला लागू शकतो. आताचा टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात उशीर लावतो, त्यात गेम खेळायचा रिमोट ब्ल्यूटूथचा असला तर आणखी. आमच्या भाच्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडून सेलेस्ट लावला आणि म्हणे मामा, हा गेमच बेकार आहे बे, उडी उशिरा मारते. तोच लॅपटॉप टीव्हीपासून सोडवून त्याच्याच पडद्यावर कीबोर्डनं खेळून पाहिलं तर उडी बरोबर लागली, म्हणजे घोळ गेमात नव्हता, टीव्हीत नाहीतर रिमोटात होता. मग टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधी गेम मोड लावला आणि रिमोट वायरनं जोडला, तवा कुठं पोट्ट्यानं पहिला टप्पा पार केला.