पट्टी किती वर यायला हवी? अपराइट आणि ग्रँड पियानोतला फरक

गिरगावातल्या घरी अपराइट आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ग्रँड. माझी एक विद्यार्थिनी परीक्षा देऊन आली ती चक्रावूनच. "सर, एकाच पट्टीवर सहा वेळा झरझर वाजवायचं असतं ना, तिथे घरी दोन तरी सूर गळतात. तिकडे एकही गळला नाही!" बोटं तीच होती. फरक पट्टीमागच्या यंत्रणेत, म्हणजे ॲक्शनमध्ये होता.

तिला घरी एक प्रयोग करायला सांगितला. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते. ती वाजवून खाली धरून ठेवायची, मग निम्मीच वर येऊ द्यायची आणि पुन्हा दाबायची. अपराइटवर बहुधा काहीच वाजत नाही. ग्रँडवर सूर उमटतो.

अपराइटमध्ये हातोडी उभी असते आणि पुढे झुकून तारेवर आपटते. तिला ढकलणारा जॅक तार काही मिलिमीटरवर असतानाच हातोडीखालून निसटतो. निसटला नाही तर हातोडी तारेलाच चिकटून राहील आणि सूर दबेल. पण दुसऱ्या ठोक्यासाठी जॅकला परत तिच्याखाली शिरावं लागतं आणि त्यासाठी पट्टी बरीच वर यावी लागते. उभ्या हातोडीला वजनाची मदत जेमतेम, म्हणून तिला मागे आणायला स्प्रिंग आणि एक छोटी कापडी पट्टी लावलेली असते.

ग्रँडमध्ये हातोडी आडवी असते, खालून वर मारते आणि स्वतःच्या वजनाने पडते. शिवाय इथे स्प्रिंगवर तोललेली एक जादा दांडी असते. पियानो बनवणारे एरार यांच्या 1821 च्या पेटंटमधली ही युक्ती. ठोक्यानंतर हातोडी मागच्या अटकावावर धरली जाते. पट्टी थोडी सैल झाली की ती तिथून सुटते, पण ही दांडी तिला खाली कोसळू देत नाही. तेवढ्यात जॅक हातोडीखाली सरकून तयार होतो. तळाजवळ बोटाला जाणवणारी बारीक खाच हीच: दांडी आणि जॅक, दोघांची सुटका तिथे होते. अपराइटवर ती बरीच पुसट लागते.

पण ग्रँड म्हणजे आपोआप वेगवान, असं नाही. त्या दांडीची स्प्रिंग सैल पडली की ग्रँडही अपराइटसारखाच अडतो. पट्टी जोरात दाबून हातोडी अटकावात धरू द्या, मग पट्टी हळूच सैल करा. हातोडी सावकाश वर उचलली गेली तर स्प्रिंग ठीक. जागची हलली नाही तर कमजोर, उसळली तर जास्त ताणलेली. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र स्प्रिंगला दोष देण्याआधी सांधे बघावेत. पिनांभोवतीचा नमदा दमटपणाने फुगला की हातोडी आळसावते, मग पियानो कुठलाही असो.

तिच्या अपराइटचंही तेच झालं होतं. सांधे मोकळे केल्यावर सहापैकी पाच सूर निघाले. सहाव्यासाठी पट्टी पूर्ण वर सोडायची सवय तिला लावावी लागली.