समितीची सभा कधी घ्यायची? सगळ्यांना जमणारी वेळ शोधण्याची आमची पद्धत

सोसायटीच्या हिशेबासाठी आमच्याकडे येणारे सचिव हिशेबापेक्षा जास्त कुरकुर सभेच्या वेळेवरून करतात. सात जणांना फोन लावायचे, त्यातले चौघे म्हणणार, "बघतो की, उद्या सांगतो." उद्या उजाडला की पहिल्या तिघांचं बदललेलं असतं. फोनाफोनी करण्याऐवजी सगळ्यांना एकाच वेळी, एकाच कागदावर विचारायचं, हा त्यावरचा उपाय. आता तो कागद गूगल फॉर्मचा असतो. पण तो नीट आखला नाही, तर फोनाफोनीचाच घोळ फक्त पडद्यावर येतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पोल टाकणं सगळ्यात सोपं. वनभोजनाची तारीख ठरवायला तो ठीक आहे, समितीच्या सभेला आम्ही तो वापरत नाही. एखाद्या वेळेपुढे कुणाची खूण नसेल, तर त्यांना ती वेळ जमत नाही, की त्यांनी पोल पाहिलाच नाही, हे पोलवरून कळत नाही. शिवाय कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. अध्यक्षांनी रविवारवर बोट ठेवलं की मागून दोघं-तिघं रविवारच धरतात, जमत असो वा नसो.

म्हणून आम्ही गूगल फॉर्ममधला "Multiple choice grid" हा प्रश्नप्रकार घेतो. आडव्या ओळींत वेळा आणि उभ्या रकान्यांत तीन उत्तरं: "जमेल", "ओढाताण करून जमेल" आणि "नाही". खालचं "Require a response in each row" चालू ठेवायचं, म्हणजे एकही ओळ कोरी ठेवून फॉर्म पाठवता येत नाही. सगळी मदार मधल्या उत्तरावर आहे. फक्त हो-नाही विचारलं, तर भिडस्त माणूस अडचण असूनही "हो" म्हणतो आणि ऐन वेळी येत नाही. काटेकोर माणूस थोडी अडचण असली तरी "नाही" म्हणून मोकळा होतो.

वेळा पाच-सहाच द्या, त्याहून जास्त दिल्या तर लोक वाचत नाहीत. प्रत्येक वेळेपुढे वार, तारीख आणि सभा किती वाजता संपणार तेही लिहा. नुसतं "रविवारी" लिहिलं की येता रविवार की त्याच्या पुढचा, यावरून दोन तट पडतात. आणि "परवा" तर लिहूच नका, आपल्या भाषेत तो मागेही जातो आणि पुढेही.

पहिली वेळ कुठून धरायची, ते नोटिशीवरून ठरतं. समजा तुमच्या उपविधीत तीन पूर्ण दिवसांची नोटीस आहे. फॉर्म मंगळवारी रात्री 9 ला बंद केला आणि नोटीस बुधवारी काढली, तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीन दिवस मोकळे सोडून सभा लवकरात लवकर रविवारी. फॉर्ममध्ये शनिवार टाकून तोच सर्वांना जमला, तर काय करणार? हे आधी मोजा, मग वेळा लिहा.

राजारामपुरीतल्या सात जणांच्या एका समितीचं उदाहरण घेऊ. विषय लिफ्ट बदलण्याच्या दोन दरपत्रकांचा. पैशांचं काम असल्यानं खजिनदार हवेतच, आणि दरपत्रकं ज्यांनी ताडून पाहिली ते गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतले इंजिनिअर सदस्यही हवेत. ही दोन नावं सचिवांनी फॉर्म पाठवण्याआधीच कागदावर लिहून ठेवली. हे आधीच करायचं. उत्तरं बघून "कोण हवं" ठरवायला बसलं, की सोयीची वेळ आधी ठरते आणि माणसं मागाहून वगळली जातात.

पाच वेळांपैकी दोन जवळपास सगळ्यांनाच अडचणीच्या होत्या. उरलेल्या तिन्हींचा हिशेब असा निघाला:

| वेळ | जमेल | ओढाताण करून जमेल | नाही |
|---|---|---|---|
| रविवार सकाळी 8 ते 9:15 | 4 | 2 | 1 |
| रविवार संध्याकाळी 6 ते 7:15 | 5 | 0 | 2 |
| सोमवार रात्री 8:30 ते 9:45 | 3 | 4 | 0 |

"जमेल" सगळ्यात जास्त म्हणून रविवार संध्याकाळ ठरवायची, हा मोह होतो. पण तिथल्या दोन "नाही"पैकी एक खजिनदारांचं होतं. सराफी दुकान रविवारी संध्याकाळी सोडून येणं त्यांना शक्यच नव्हतं. रविवार सकाळी सहा जण येऊ शकत होते, पण नेमके इंजिनिअर रात्रपाळी करून झोपलेले. राहिला सोमवार. त्याला मनापासून "जमेल" म्हणणारे सगळ्यात कमी, तरीही सातही जण येऊ शकणारी वेळ ती एकच.

इथे मात्र चार "ओढाताण" आहेत, आणि त्या गिळून पुढे जायचं नाही. सचिवांनी चौघांनाच फोन केला, प्रत्येकाला एकच प्रश्न: ओढाताण कसली? डॉक्टरांचे पेशंट पावणेनऊपर्यंत, शिकवणीच्या बाईंची बॅच साडेआठला सुटणार, गुळाचे व्यापारी गाडी भरून नऊला मोकळे. आणि इंजिनिअरना अकराच्या पाळीला जायचं, म्हणून त्यांना वेळेत सुटका हवी. मग सभा साडेआठलाच सुरू केली, पण मागचं इतिवृत्त आणि महिन्याचा हिशेब आधी घेतला, लिफ्टचा विषय बरोबर नऊला. सात फोनांऐवजी चार फोन झाले, आणि चारही कामाचे.

उत्तरं शीटमध्ये जोडून घेतली की मोजणीला वेगळं पान उघडून हे सूत्र टाका. पहिल्या रकान्यात फॉर्म भरल्याची वेळ, दुसऱ्यात नाव आणि तिसऱ्यापासून सभेच्या वेळा, असं धरून:

```
=COUNTIF('Form Responses 1'!C:C,"जमेल")
=COUNTIF('Form Responses 1'!C:C,"ओढाताण करून जमेल")
=COUNTIF('Form Responses 1'!C:C,"नाही")
```

पहिलं सूत्र दुसऱ्या उत्तरातलं "जमेल" मोजत नाही, कारण पूर्ण खाना जुळला तरच ते मोजतं. तिन्हींची बेरीज सदस्यांच्या संख्येइतकी यायला हवी. सातऐवजी आठ आली, तर कुणीतरी दोनदा भरलंय. नावांचा रकाना पाहून जुनी नोंद काढा. सहा आली, तर एक जण राहिलाय. त्याला फोन करा, "नाही" धरू नका. एकदा आम्हीच एका ज्येष्ठ सदस्यांचं न आलेलं उत्तर "नाही" धरलं आणि सभेनंतर बोलणी खाल्ली. त्यांनी फॉर्म भरला होता, फक्त "Submit" दाबलं नव्हतं.

फॉर्म बंद झाला की निकाल त्याच रात्री कळवा. ज्यांनी तीन-चार वेळांना "जमेल" म्हटलं, त्यांनी त्या सगळ्या वेळा अडवून ठेवलेल्या असतात. त्या सुटल्याचं सांगितलं नाही, तर पुढच्या खेपेला ते सावध होऊन कमी वेळा देतात.

पंधरा-वीस जणांच्या मंडळात सगळ्यांना जमणारी वेळ सहसा निघत नाही. तिथे गणपूर्ती आणि हवीच असलेली माणसं एवढंच बघा. आणि कुठल्याच वेळेला हवीच असलेली माणसं जमत नसतील, तर नव्यानं सगळ्यांना विचारू नका. आधी त्या दोघा-तिघांचीच वेळ जुळवा, मग इतरांपुढे दोनच पर्याय ठेवा.

आमच्याकडून फॉर्म करून हवा असेल, तर सभेची विषयपत्रिका, सदस्यांची यादी, हवीच असलेली नावं आणि उपविधीतलं नोटिशीचं पान, एवढं सभेच्या किमान दहा दिवस आधी कार्यालयात पोचवा. वार्षिक हिशेबाचं काम आमच्याकडे असेल, तर याचे वेगळे पैसे नाहीत.