शेकाआधी काढलेली दाढ आणि शेकानंतर काढलेली दाढ

दाढ तीच, चिमटा तोच, सुन्न करायचं इंजेक्शनही तेच. म्हणून तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला माणूस म्हणतो, "आधी शेक घेऊन टाकू. दाढेचं काय, कापूस घरात आला की बघू." आपल्याकडे किरणोपचाराला कुणी शेक म्हणतं, कुणी लाइट. खान्देशात तंबाखू-चुना आणि मिसरीने झिजलेले, हललेले दात घेऊन आलेली कितीतरी माणसं मी तपासली आहेत. त्यांना मला हेच सांगावं लागतं की या दोन दाढा काढणं म्हणजे एकच काम मागेपुढे करणं नव्हे. जबड्याच्या हाडाच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामं आहेत.

किरण न लागलेल्या जबड्यातून दाढ काढली की खड्ड्यात रक्त साखळतं. त्या गाठीत नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि पुढच्या काही महिन्यांत आतला खड्डा हाडाने भरतो. यातलं प्रत्येक पाऊल रक्तपुरवठ्यावर आणि जिवंत पेशींवर चालतं. किरण नेमके यांच्यावरच घाव घालतात. बारीक वाहिन्या आतून जाड होऊन बंद पडतात, हाड बांधणाऱ्या पेशी कमी होतात, त्यांच्या जागी निबर तंतू येतात. असं हाड वर्षानुवर्षं तक्रार न करता राहतं, कारण त्याला कुणी काम सांगितलेलं नसतं. दाढ काढणं म्हणजे त्याला काम सांगणं. सगळ्यात जास्त धोका खालच्या जबड्याच्या मागच्या भागाला असतो. तिथलं हाड घट्ट आणि रक्तपुरवठा तुटपुंजा. वरच्या जबड्याला तो चहूबाजूंनी मिळतो. डोसाचंही तसंच. तो ग्रे या मापात मोजतात. हाडाला साधारण 50 ग्रेच्या वर किरण बसले की धोका जाणवू लागतो आणि 60 च्या पुढे तो आणखी वाढतो.

पारोळ्याकडच्या एका नानांचं उदाहरण सांगतो. डाव्या गालाच्या आतला कॅन्सर काढला होता, जबडा शाबूत होता. पुढे 60 ग्रे, 30 बैठकींत, सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे शेक ठरला. ऑपरेशनच्या अठराव्या दिवशी ते माझ्याकडे आले. खरं तर ही तपासणी ऑपरेशनआधीच झाली असती तर त्याच भुलीत दाढाही निघाल्या असत्या. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. डावीकडे खाली एक दाढ हलत होती, हिरडी आणि दाढ यांच्यामधली फट 8 मिलिमीटर खोल होती. शेजारी एका दाढेची नुसती मुळं उरली होती आणि त्यांच्या टोकाशी काळी सावली दिसत होती, म्हणजे आत जुना पू. उजवीकडे वर एक किडलेली दाढ होती, पण ती भरता येण्यासारखी.

नाना म्हणाले, "डॉक्टर, दाढ ते दुखस नही, मंग कसाले काढतस?"

प्रश्न रास्त होता. एरवी मीही ती हलणारी दाढ सांभाळायचा प्रयत्न केला असता. पण किरण देणाऱ्या डॉक्टरांकडून आराखडा मागवला तेव्हा दिसलं की डाव्या बाजूच्या मागच्या हाडाला जवळपास पूर्ण डोस बसणार आहे, पुढच्या दातांना आणि उजव्या बाजूला बराच कमी. म्हणून डावीकडची ती दाढ आणि ती मुळं विसाव्या दिवशी काढली, हाडाच्या धारदार कडा घासून हिरडी टाके घालून मिटवली. उजवीकडची दाढ भरली, दात साफ केले, बाकी एकाही दाताला हात लावला नाही. पूर्वी शेकाआधी सरसकट सगळे दात काढायची पद्धत होती. ती मला क्रूर वाटते, आणि तिची गरजही नाही.

तारखा महत्त्वाच्या होत्या. दाढ काढल्यावर शेक सुरू होईपर्यंत किमान दोन आठवडे हवेत, म्हणजे हिरडी मिटते. दुसरीकडे, ऑपरेशननंतर शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा, नाहीतर कॅन्सर उलटायची भीती वाढते. नानांची सूज उतरल्यावर तिसाव्या दिवशी शेक घेताना डोकं हलू नये म्हणून लागणारा चेहऱ्याचा मास्क आणि सीटी स्कॅन झालं. मास्क सुजलेल्या गालावर बनवला तर पुढे तो सैल पडतो. छत्तिसाव्या दिवशी शेक सुरू झाला. नाना अडतिसाव्या दिवशी आले असते तर हे गणित जुळलंच नसतं. दाढेसाठी शेक लांबवायचा नाही, हे मीच सांगितलं असतं आणि ती दाढ धोका पत्करून तोंडात ठेवावी लागली असती.

आता दुसरी दाढ. यावल भागातल्या एक ताई शेक संपून दोन वर्षांनी आल्या. किरणांनी लाळेच्या ग्रंथी सुकल्या होत्या. कळण्याची भाकरी वरणात भिजवल्याशिवाय गिळता येत नव्हती. लाळ नसली की कीड दाताला हिरडीलगत गोल वेढते. त्यांची उजवीकडची खालची दाढ अशीच किडली, ठणकली आणि त्यांनी ती जवळच्या दवाखान्यात काढून घेतली. शेक घेतल्याचं त्यांनी सांगितलं नाही, त्यांना कुणी विचारलंही नाही. तोंडही दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं, त्यामुळे काढताना हाडाला बराच मार लागला.

तीन महिने झाले तरी खड्डा उघडाच होता. "दुखत नाही हो, पण जिभेला खडा लागतो," त्या म्हणाल्या. हीच खूण आहे. तळाशी पिवळट, खरखरीत हाड उघडं पडलं होतं आणि तोंडाला वास येत होता. दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्डा जोरात ठणकतो तो प्रकार वेगळा. तो साधारण आठवडा-दोन आठवड्यांत शमतो. किरण लागलेलं हाड मेलं की सुरुवातीला दुखेलच असं नाही. पुढे मात्र खालचा ओठ बधिर होणं, हनुवटीखाली त्वचेतून पू येणं, क्वचित साधं चावताना जबडा मोडणं इथपर्यंत ते जातं. कॅन्सर उलटला तरी जखम अशीच दिसू शकते. त्यामुळे आधी तुकडा तपासून ती शंका काढावी लागते, ताईंचीही काढली. सुदैवाने उघडं हाड थोडंच होतं. सुटलेला तुकडा अलगद काढला, पेन्टॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या आणि कित्येक महिन्यांनी हिरडी मिटली. हाड जास्त गेलं असतं तर जबड्याचा तो भाग कापून पायाचं हाड बसवावं लागलं असतं.

शेकानंतर दाढ काढलेल्या प्रत्येकाचं असं होतं, असं मात्र नाही. शंभरांत साधारण सहा-सात जणांचं होतं. पण हा धोका काही वर्षांनी संपत नाही, जन्मभर राहतो. म्हणून शेक घेतलेल्या जबड्यात दुखरी दाढ आधी रूट कॅनालने वाचवायची. वरचा भाग मोडला असेल तर तो हिरडीपर्यंत कापून मुळं आतच ठेवायची. काढल्याशिवाय इलाजच नसेल तर कमीत कमी मार देत काढायची. दाबाखालचा ऑक्सिजन दिला तर हाड वाचतं असं पूर्वी मानत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत त्याने फरक पडलेला दिसला नाही.

शेक संपल्यावर मिळणाऱ्या कागदावर एकूण ग्रे, बैठकी आणि बाजू लिहिलेली असते. नानांच्या मुलाने तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून रेशनकार्डाबरोबर ठेवलाय. मी त्याच्या मागच्या बाजूला पेनाने लिहून दिलंय: डावीकडची खालची आणखी एखादी दाढ काढायची असेल तर आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, त्या मुळाशी किती ग्रे बसलेत.