वळलेल्या पोझवर कपडा चढवणं (व्हर्च्युअल ट्राय-ऑन)

शर्टाचा समोरून काढलेला सपाट फोटो घ्यायचा आणि तो दुसऱ्या फोटोतल्या माणसाच्या अंगावर बसवायचा, हे व्हर्च्युअल ट्राय-ऑनचं नेहमीचं काम. माणूस सरळ कॅमेऱ्याकडे बघत असेल तर ते बऱ्यापैकी जमतं, पण तो अर्धवट वळला की नाहीतर पूर्ण साइडने उभा राहिला की कपड्याचा एक भाग आकसतो, एक भाग पाठीमागे जातो आणि समोरच्या फोटोत नव्हताच असा तिसरा भाग दिसायला लागतो. म्हणजे अडचणी तीन आहेत, पण बरेच जण फक्त पहिलीच धरून चालतात.

आकसणं किती असतं ते एका उदाहरणात बघू. धड म्हणजे अंड्यासारख्या छेदाचा नळकांडा समजा, रुंदी ३६ सेंमी आणि जाडी २२ सेंमी, कॅमेरा लांब, माणूस ४५ अंश वळलेला. साधा हिशोब करणारा म्हणेल की ३६ चे ०.७ पट, म्हणजे साधारण २५ सेंमी दिसणार. हे चूक आहे, कारण अंगाला जाडी आहे, आणि दिसणारी रुंदी जवळजवळ ३० सेंमी भरते. बटणपट्टी मधोमध न राहता सुमारे ८ सेंमी बाजूला सरकते, त्यामुळे तिच्या पलीकडे फक्त ७ सेंमी उरतात आणि अलीकडे २३. आता गंमत अशी की शर्टाचा पुढचा अर्धा भाग, पट्टीपासून साइडच्या शिलाईपर्यंत, दोन्हीकडे कापडाने सारखाच आहे, साधारण २३ सेंमी. जवळच्या बाजूला तो २०-२१ सेंमीत बसतो, म्हणजे फारसा आकसतच नाही. लांबच्या बाजूला मात्र त्यातलं १६-१७ सेंमी कापड ७ सेंमीत कोंबलं जातं आणि उरलेलं ६-७ सेंमी पलीकडे वळून दिसेनासं होतं. जवळच्या साइडच्या शिलाईमागे पाठीचं कापड दोनेक सेंमी डोकावतं ते वेगळंच.

म्हणून अख्खा फोटो एकसारखा दाबून काम होत नाही. २ सेंमी अंतराच्या उभ्या रेघा असतील तर पट्टीजवळ त्या १.४ सेंमीवर दिसतात, पलीकडे जाताना एकमेकींना चिकटत कडेला संपतात, अलीकडे आधी रुंदावत पूर्ण २ पर्यंत जातात आणि शिलाईपाशी परत १.४. प्लेन काळ्या टीशर्टवर यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे तपासायला कायम रेघांचा नाहीतर चौकड्यांचा शर्ट घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१८ च्या व्हिटॉन आणि सीपी-व्हिटॉन या पद्धती थिन प्लेट स्प्लाइन वापरायच्या, म्हणजे फोटोवर मोजके बिंदू धरून तो रबरी चादरीसारखा ताणायचा. चादर गुळगुळीत ताणली जाते, पण तिला "हा तुकडा मागे गेला, टाकून दे" हे सांगता येत नाही. मग लपायला हवं होतं ते कापड पण आत ओढलं जातं आणि कडेला रेघांची दाटी होते, खिसा चेपून पातळ होतो. डेन्सपोजसारखी पद्धत अंगाचा प्रत्येक पिक्सेल शरीराच्या पृष्ठभागावर कुठे बसतो ते सांगते, त्यामुळे निदान कुठला भाग लपला एवढं तरी कळतं. २०२३ च्या जीपी-व्हिटॉनने धड आणि दोन्ही बाह्या वेगवेगळ्या वाकवल्या, आणि मुंढ्यापाशी हात धडावर येतो तिथे त्याचा फायदा होतो.

पूर्ण साइड पोझ हे आणखी वेगळं प्रकरण आहे. तिथे शिलाई जवळपास मधोमध येते (हात आडवा नसेल तर) आणि दिसणाऱ्या कापडातलं अर्धं पाठीचं असतं. समोरच्या एका फोटोत ती माहितीच नसते, एआय मॉडेल कितीही चांगलं असलं तरी पाठ अंदाजाने रंगवणार. प्लेन कापडात हे खपून जातं, पण पाठीवर प्रिंट असेल तर ते चक्क खोटं असतं आणि ऑनलाइन खरेदीत त्याला काही अर्थ नाही. २०२४ च्या एमव्ही-व्हिटॉनने म्हणूनच कपड्याचे पुढचा आणि मागचा असे दोन फोटो घ्यायला सुरुवात केली.

चूक पकडायची सोपी जागा म्हणजे खालचा घेर. कॅमेरा छातीच्या उंचीवर असेल तर सरळ कापाच्या शर्टाची कड खाली झुकलेली कमान दिसते, आणि तिचा सगळ्यात खालचा बिंदू कॅमेऱ्याला सगळ्यात जवळच्या जागी हवा, बटणपट्टीखाली नाही. माणूस वळलाय पण कमान अजून पट्टीखालीच झुकलीय, तर समजावं की समोरचाच फोटो नुसता दाबून चिकटवलाय. मग कॉलर बघावी, कारण तिचा लांबच्या बाजूचा बराचसा भाग गळ्याआड जायला हवा आणि अशा फोटोत तो बऱ्याचदा पूर्ण दिसत असतो.