दहा टक्के काम घटलं, ऐंशी टक्के नफा गेला: अंबडच्या जॉबवर्कची पार्श्वभूमी

विक्रीतला लहानसा बदल नफ्यात कितीतरी मोठा होऊन दिसतो, त्याला ‘लिव्हरेज’ म्हणतात; मराठी पाठ्यपुस्तकांत ‘तरफ’. शब्द चांगला आहे, पण नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये, जिथे मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग मजुरीवर बनवून दिले जातात, तो कुणी वापरत नाही. तिथे विचारतात, ‘काम बंद पडलं तरी महिन्याला किती द्यावं लागतं?’ या प्रश्नात दोन्ही लिव्हरेज येतात. जागा, पगार, घसारा आणि विजेचा डिमांड चार्ज अशा स्थिर खर्चातून येतं ते ऑपरेटिंग लिव्हरेज. बँकेच्या व्याजातून येतं ते फायनान्शियल लिव्हरेज.

कल्पनेचा उगम शोधायचा तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन रेल्वे कंपन्यांपर्यंत जावं लागतं. रूळ टाकून झालेले, रोख्यांवरचं व्याज ठरलेलं, आणि माल मात्र येईल तेवढाच. इंग्रज याच गोष्टीला गिअरिंग म्हणत. १९५८ साली दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी मांडलं की कर असे घटक बाजूला ठेवले तर कर्ज घेतल्याने कंपनीची किंमत बदलत नाही, भागधारकाची जोखीम तेवढी वाढते. तिथून चर्चा कर्जावर खिळली आणि स्थिर खर्चाची बाजू कॉस्टिंगच्या वर्गात मागे राहिली. आपल्याकडेही मंदी आली की ‘कर्जाने मारलं’ असंच बोललं जातं. मला ते अर्धवट वाटतं.

नाशिकला वाहनांच्या सुट्या भागांचं काम आलं तेव्हा लहान युनिटमध्ये साध्या लेथ असायच्या आणि मजुरी बरीचशी नगावर. त्या पद्धतीच्या युनिटचे गोल आकडे घेऊ. विक्री १.२ कोटी, बदलता खर्च ९० लाख, म्हणजे काँट्रिब्युशन ३० लाख. स्थिर खर्च १५ लाख, व्याजापूर्वीचा नफा १५ लाख. काँट्रिब्युशनला या नफ्याने भागलं की ऑपरेटिंग लिव्हरेज येतं २. व्याज ३ लाख, करपूर्व नफा १२ लाख. पंधराला बाराने भागलं की फायनान्शियल लिव्हरेज १.२५. दोन्हींचा गुणाकार अडीच. काम १० टक्के घटलं तर नफा २५ टक्क्यांनी घटतो. दुखतं, पण वर्ष निघतं.

पुढे ग्राहकाने मायक्रॉनमधली अचूकता मागितली आणि संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या महाग सीएनसी, व्हीएमसी मशीन आल्या. आता तेच युनिट असं दिसतं: विक्री २ कोटी, बदलता खर्च १.२ कोटी, काँट्रिब्युशन ८० लाख, स्थिर खर्च ६० लाख (त्यात घसारा १२ लाख), व्याजापूर्वीचा नफा २० लाख. मशीनसाठी एक कोटीचं कर्ज, १० टक्क्यांनी १० लाख व्याज, हाती १० लाख. ऑपरेटिंग लिव्हरेज ४, फायनान्शियल २, एकूण ८.

२०१९ मध्ये वाहन बाजार बसला. ग्राहकाचं शेड्यूल आठवड्याला बदलू लागलं, काही दिवस कारखाना बंद ठेवण्याचे, ब्लॉक क्लोजरचे मेल यायला लागले. वरच्या युनिटचं काम १० टक्के घटलं की काँट्रिब्युशन ७२ लाख होतं, व्याजापूर्वीचा नफा १२ लाख आणि करपूर्व नफा फक्त २ लाख. ऐंशी टक्के गेला. विक्री वीस लाखांनी घटली, त्यातले बारा लाख बदलत्या खर्चात वाचले, पण स्थिर खर्च जागचा हलला नाही म्हणून उरलेली आठ लाखांची घसरण थेट नफ्यावर आली, आणि व्याजही तेवढंच राहिल्याने ती दहा लाखांच्या करपूर्व नफ्यातून गेली. आणखी एक गोष्ट: या नव्या पातळीवर ऑपरेटिंग लिव्हरेज ७२ भागिले १२, म्हणजे ६ झालं आणि फायनान्शियलही १२ भागिले २, म्हणजे ६. एकूण ३६. आणखी तीन टक्के घट आली तर तोटा. लिव्हरेज हा युनिटचा कायमचा गुणधर्म नाही, त्या दिवशीच्या विक्रीचा आहे; आणि ना-नफा-ना-तोटा बिंदूजवळ तो वेड्यासारखा वाढतो. २०१९-२० मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री सुमारे १८ टक्क्यांनी घटली होती.

या हिशेबातला खरा वाद पगाराचा आहे, आणि त्यावरून त्या वर्षी अंबडमध्ये मी कितीतरी प्रोजेक्ट रिपोर्ट चुकलेले पाहिले. बदलत्या खर्चात कंत्राटी ऑपरेटरांचे १२ लाख धरलेले असतात. कागदावर ते बदलते आहेत. काम नाही तर बोलवायचं नाही. पण सीएनसीवर ऑफसेट घेणारा, म्हणजे हत्याराचं माप मशीनला देणारा, आणि कापणारं टोक, इन्सर्ट, कधी बदलायचं हे कापण्याच्या आवाजावरून ओळखणारा सेटर एकदा सोडला की परत मिळत नाही. मालकाला हे माहीत असतं, म्हणून तो ओव्हरटाइम बंद करतो, हेल्परला घरी पाठवतो आणि सेटरला ठेवतो. मग ते १२ लाख स्थिर झाले. पुन्हा हिशेब केला तर काँट्रिब्युशन ९२ लाख, स्थिर खर्च ७२ लाख, नफा तोच २० लाख, पण ऑपरेटिंग लिव्हरेज ४.६. काम १० टक्के घटलं की करपूर्व नफा ८० हजारांवर येतो. आधीच्या हिशेबात तो दोन लाख होता.

कोणता आकडा खरा? माझं मत असं की खर्चाला आपल्या मनाने स्थिर किंवा बदलता म्हणू नये, मागच्या मंदीत तो किती दिवसांत कमी झाला ते पाहावं. तीन महिन्यांत उतरला नसेल तर वर्षभराच्या कर्जाच्या हिशेबात तो स्थिर. बँकेच्या सादरीकरणात मात्र जवळपास प्रत्येक जण मजुरी बदलत्या खर्चात टाकतो, कारण त्याने ना-नफा-ना-तोटा बिंदू खाली दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: शेजारी शेजारी बारा महिन्यांची विक्री आणि बारा महिन्यांचा पगार लिहा. विक्री खालीवर आणि पगाराचा स्तंभ सपाट असेल तर वर्गीकरण चुकलं.

कोरोनाच्या काळात, मार्च २०२० पासून ऑगस्टपर्यंत, कर्जाच्या हप्त्यांना स्थगिती मिळाली. तिच्यावर बरीच टीका झाली, कारण व्याज चालूच राहिलं आणि फायनान्शियल लिव्हरेजमध्ये काहीच फरक पडला नाही. टीका बरोबर आहे, पण मुद्दा सुटतो. या गुणोत्तराला मुद्दल दिसतच नाही. एक कोटी पाच वर्षांत फेडायचं तर वर्षाला २० लाख मुद्दल. घसारा कागदावरचा खर्च, त्यात रोख बाहेर जात नाही. म्हणून चांगल्या वर्षी, कर बाजूला ठेवला तर, करपूर्व नफा १० आणि घसारा १२ मिळून २२ लाख हातात येतात, मुद्दल भागतं. घटीच्या वर्षी २ आणि १२, म्हणजे १४ लाख. नफा-तोटा पत्रक अजून नफ्यात आणि हप्त्याला सहा लाख कमी. स्थगितीने हा खड्डा पुढे ढकलला. त्यानंतर सरकारी हमीवर जे जादा कर्ज मिळालं, त्याने पगार झाले, पण त्याच मशीनवर व्याजाचा आणखी एक थर चढला.

ऑक्टोबर २०१९ पासून लहान उद्योगांची नवी तरत्या दराची कर्जं बाह्य दराशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडली गेली होती. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्या सुमारास वरच्यासारखंच एक कोटीचं कर्ज घेतलेल्या युनिटचं व्याज १० लाखांवरून १२.५ लाख झालं. विक्री, मजूर, मशीन सगळं जागच्या जागी, पण फायनान्शियल लिव्हरेज २ वरून २.६७ वर आणि एकूण जवळपास पावणेअकरा. काम १० टक्के घटल्यावर जिथे आधी दोन लाख उरत होते, तिथे आता पन्नास हजारांचा तोटा दिसतो.