‘भीती उतरेपर्यंत थांब’पासून ‘काय होतं ते पाहू’पर्यंत : मुलांच्या मंत्रचळावरील ईआरपीची पार्श्वभूमी

समजा, पाचवीत शिकणारा दहा वर्षांचा एक मुलगा आहे. शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी हाताला लागली की तिथली घाण आपल्यामार्फत आईपर्यंत पोहोचेल आणि आई आजारी पडेल, अशी भीती त्याच्या मनात बसली आहे. घरी आल्यावर तो वीस-पंचवीस मिनिटं हात धुतो. मधेच मोजणी चुकली तर पहिल्यापासून सुरू करतो. झोपेपर्यंत आईला पुन्हा पुन्हा विचारतो, “तुला काही होणार नाही ना?” आई दर वेळी “नाही रे बाळा” म्हणते, त्याचं दप्तर दाराबाहेरच ठेवते आणि डबा वेगळा घासते. बाबा त्याच्यासाठी दारं उघडतात.

यालाच आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. वैद्यकीय नाव ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी. मानसोपचारतज्ज्ञ सांगतात की त्याला ती कडी धरू द्या, नंतर हात धुऊ देऊ नका आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. ऐकताना आईबाबांना हे निर्दय वाटतं. या पद्धतीचं नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे ईआरपी. भीतीची वस्तू समोर आणायची आणि भीती शमवण्यासाठी केली जाणारी कृती रोखायची, असे तिचे दोन भाग आहेत. पालकांना ती आज ज्या शब्दांत समजावली जाते ते शब्द साठेक वर्षांत घडत गेले, आणि मधल्या काळात त्यांचा अर्थही बदलला.

१९६०च्या दशकापर्यंत हा आजार जवळजवळ असाध्य समजला जाई. मनोविश्लेषणाच्या मते हात धुण्यासारखी कृती आतल्या खोल संघर्षाला धरून ठेवणारी होती, त्यामुळे ती बळजबरीनं थांबवली तर रुग्ण ढासळेल अशी धास्ती होती. शरीर सैल सोडून भीतीची नुसती कल्पना करायची, ही त्या काळची नवी वर्तनोपचार पद्धत इतर भीतींवर चालत असे, पण मंत्रचळावर फारशी लागू पडली नाही. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६मध्ये दोन रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांतली एक शिक्षिका सतत धुणं-पुसणं करत असे. तिच्या खोलीतल्या नळाचं पाणी बंद केलं, परिचारिका सतत सोबत राहिल्या आणि तिला ज्या वस्तूंची घृणा वाटे त्या तिला हाताळायला लावल्या. ती ढासळली नाही, उलट तिचं धुणं खूप कमी झालं.

मेयर यांनी लेखाच्या शीर्षकातच ‘अपेक्षा बदलणे’ असे शब्द वापरले होते. धुतलं नाही तर अनर्थ होईल, ही रुग्णाची अपेक्षा. धुणं थांबतच नाही, म्हणून ती अपेक्षा कधी तपासलीच जात नाही. धुणं रोखलं की तपासणी आपोआप होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढची अनेक वर्षं तो मागे पडला.

मधल्या काळात लक्ष भीतीच्या चढ-उताराकडे वळलं. लंडनमध्ये स्टॅनली रॅकमन आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात रुग्णांना घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावायला लावून, धुण्याची ओढ किती वेळ टिकते हे पाहिलं. ती अखंड चढत गेली नाही. काहीही न करता बहुतेकांची ओढ पहिल्या तासाभरातच बरीच ओसरली. रॅकमन आणि पद्मल डि सिल्व्हा यांनी १९७८मध्ये दाखवलं की नकोसे, विचित्र विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात. पालकांचा मोठा अपराधगंड इथेच हलका होतो. ‘आईला काही होईल’ हा विचार येणं हा आजार नाही. तो विचार आला म्हणजे आपण काहीतरी करायलाच हवं, असं वाटणं हा आजार आहे.

एडना फोआ यांच्या १९८४च्या अभ्यासानं दोन्ही भाग का लागतात हे दाखवलं. नुसतं सामोरं जाण्यानं भीती जास्त कमी झाली, नुसती कृती रोखल्यानं कृती जास्त कमी झाल्या, आणि दोन्ही एकत्र केल्यावर फायदा सर्वांत मोठा. घरातली एक नेहमीची गल्लत इथे कळते. मुलानं कडीला हात लावला म्हणून शाबासकी मिळते, पण दहा मिनिटांनी तो गुपचूप बेसिनपाशी जातो. मग त्या दिवशी त्याच्या मनानं एवढंच शिकलेलं असतं की हात धुतले म्हणून आई वाचली.

मुलांपर्यंत ही पद्धत उशिरा आली. मोठा माणूस स्वतःहून त्रास सोसायला तयार होतो, पण दहा वर्षांच्या मुलाला कारण पटलं पाहिजे आणि वेग त्याच्या हातात असला पाहिजे. अमेरिकेतल्या जॉन मार्च आणि कॅरन मल यांनी १९९०च्या दशकात मुलांसाठी तिची मांडणी केली. मूल आजाराला एखादं टोपणनाव देतं आणि तो शत्रू ठरतो. ‘तू असं का करतोस’ हे वाक्य घरातून जातं आणि त्याजागी ‘तो आज काय करायला सांगतोय’ येतं. भीतीसाठी ० ते १० अंकांचा तापमापक असतो. मूल कुठे हमखास जिंकतं, कुठे हमखास हरतं आणि कुठे कधी हे तर कधी ते होतं, याचा नकाशा काढतात. काम त्या मधल्या पट्ट्यात सुरू होतं.

या पद्धतीची मोठी चाचणी २००४मध्ये प्रसिद्ध झाली. ७ ते १७ वर्षांची ११२ मुलं, १२ आठवडे, थेरपीच्या १४ भेटी. आजाराची लक्षणं जवळजवळ न उरलेल्या मुलांचं प्रमाण थेरपी आणि सर्ट्रालीन हे औषध एकत्र दिलेल्या गटात ५३.६ टक्के होतं. नुसत्या थेरपीत ते ३९.३, नुसत्या औषधात २१.४ आणि खोट्या गोळीत ३.६ टक्के होतं. म्हणून सौम्य ते मध्यम त्रासात आधी थेरपी सुचवतात. त्रास तीव्र असेल, किंवा मूल इतकं खचलेलं असेल की पहिली पायरीच शक्य नाही, तर औषधाची जोड देतात. याच आकड्यांवरून हेही दिसतं की थेरपी नीट करूनही अनेक मुलांची काही लक्षणं १२ आठवड्यांनंतर उरतात. हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं.

पालकांची भूमिका मात्र वेगळ्या वाटेनं पुढे आली. १९९५मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी घरचे लोक आजाराला किती सांभाळून घेतात हे मोजण्याची प्रश्नावली तयार केली. उत्तरं देणं, वस्तू आणून देणं, वेळापत्रक बदलणं, दारं उघडणं हे सगळं त्यात येतं. हे प्रेमानंच होतं, आणि त्यानं मूल तेवढ्यापुरतं शांतही होतं. पण ‘आईनं उत्तर दिलं’ हे ‘हात धुतले’ यासारखंच कृतीचं काम करतं. मराठी घरात आणखी एक अडचण आहे. बाहेरून आल्यावर हातपाय धुणं, सोवळं, देवापुढचं स्तोत्र ठरावीक वेळा म्हणणं हे घरातच रुजलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीची कितीतरी वर्षं मूल ‘फार नीटनेटकं’ ठरतं. फरक ओळखायची खूण साधी आहे. सवय एकदा करून संपते. मंत्रचळ ‘नीट झालं’ असं वाटेपर्यंत संपत नाही, आणि कुणी अडवलं तर मूल कासावीस होतं.

आता त्या मुलाच्या घरात हे कसं बसतं ते पाहू. तापमापकावर दप्तराच्या पट्ट्याला हात लावणं ३, दप्तराचा तळ ४, शाळेतल्या वर्गाचं दार ५, स्वच्छतागृहाची कडी ८, आणि कडी धरून न धुतलेला हात आईच्या हातात देणं १०. सुरुवात दप्तरापासून, रोज, ठरलेल्या वेळी. जेवणापूर्वीचं आणि शौचानंतरचं साबणानं एकदाच, वीसेक सेकंदांचं धुणं कायम राहतं. पालकांना वाटतं की हे बंद होणार, पण तसं नाही. मुलाला धोक्यात घालायचं नसतं, बाकीची मुलं जेवढं करतात तेवढ्यावर आणायचं असतं.

पूर्वी इथे सांगत, “भीती निम्मी होईपर्यंत थांब.” मिशेल क्रास्के यांचं २००८पासूनचं संशोधन यावर प्रश्न उभा करतं. सरावाच्या वेळी भीती किती उतरली, यावरून पुढचा फायदा भरवशानं सांगता येत नाही. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘तसं झालं नाही’ ही नवी नोंद तयार होते, आणि ती नोंद पक्की व्हायला अंदाज चुकावा लागतो. मेयर यांच्या शीर्षकाकडेच हे परतणं आहे. म्हणून आता आधी मुलाला विचारतात, “काय होईल असं वाटतं? कधीपर्यंत?” तो म्हणतो, “उद्या सकाळपर्यंत आईला ताप येईल.” हे वहीत लिहायचं. दप्तराचा तळ धरायचा, मग आईच्या उशीला हात लावायचा. सकाळी वही उघडायची. ताप आला का? नाही. मग धुतल्याशिवाय राहवणारच नाही असं वाटत होतं, ते खरं निघालं का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण कधीतरी आईला सर्दी-ताप येणारच. पावसाळ्यात तर नक्कीच. सगळा भार ‘आई आजारी पडली नाही’ यावर टाकला तर एका तापात सगळं कोसळतं. त्रास झाला आणि तो मला सोसता आला, हे मात्र कुठल्याही तापानं खोटं ठरत नाही.

आईच्या उत्तरांचं काय करायचं? ती एका दिवसात, न सांगता बंद केली तर मूल घाबरून आकांत करतं, आई हरते आणि उत्तर देते. मग मूल शिकतं की पुरेसं रडलं की उत्तर मिळतं. म्हणून आधी मुलासमोर ठरवतात. समजा, दिवसाला प्रश्नाच्या पाच चिठ्ठ्या, पुढच्या आठवड्यात तीन, मग एक, मग शून्य. चिठ्ठ्या संपल्यावर आईचं वाक्य ठरलेलं असतं: “हा त्याचा प्रश्न वाटतो. मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.” पहिले काही दिवस प्रश्न वाढतातच, आणि हे आधी सांगितलेलं नसेल तर पालक त्यालाच अपयश समजून सोडून देतात.

फसतं कुठे? बहुतेकदा लपलेल्या कृतीत. भीती ८वरून अर्ध्या मिनिटात २वर आली तर बहुधा मूल मनात मोजतंय, प्रार्थना करतंय, किंवा “रात्री धुईनच” असं स्वतःला सांगतंय. तेव्हा रागावायचं नाही, सरळ विचारायचं, आणि ‘कदाचित आई आजारी पडेल, कदाचित नाही’ असं मोठ्यानं म्हणायला लावून ती मनातली कृती बिघडवायची. दुसरी चूक म्हणजे मुलाचा हात धरून जबरदस्तीनं कडीला लावणं, किंवा शिक्षा म्हणून हा सराव देणं. त्यानं मूल तज्ज्ञांनाही लक्षणं सांगायचं थांबवतं. पायरी फार उंच झाली असेल तर तिचे दोन भाग करतात, पण सुरू केलेली पायरी कृती करून संपवत नाहीत.

लक्षणं एक-दोन दिवसांत अचानक, घशाच्या संसर्गानंतर आली असतील, किंवा मुलानं खाणंपिणंच सोडलं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. तज्ज्ञ कुठे मिळतील हे विचारायला सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मराठीतही बोलते.

कडी धरलेला हात आईच्या हातात, ही शेवटची पायरी झाल्यावरही वही बंद करत नाहीत. आजोळच्या घरातलं दार, एसटीतला दांडा, सिनेमागृहाचं स्वच्छतागृह इथेही तोच सराव करतात, कारण नवी नोंद जिथे शिकली तिथेच आधी टिकते. परीक्षेच्या आठवड्यात जुनी ओढ परत आली तर त्याच संध्याकाळी वहीचं पहिलं पान उघडून दप्तराच्या तळापासून सुरुवात करतात.